एकाच प्रश्नाला चार पानं

गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन आठवडे म्हणजे मराठी पाककृतींच्या वेबसाइटचा सुगीचा काळ. उकडीचे मोदक कसे करायचे, उकड कशी काढायची, कळ्या कशा पाडायच्या, हे गूगलला विचारणाऱ्यांची संख्या या दिवसांत एकदम वाढते. आणि नेमक्या याच दिवसांत कितीतरी चांगल्या वेबसाइट मागे पडतात. त्यांनी कमी लिहिलेलं असतं म्हणून नव्हे, तर एकाच गोष्टीबद्दल चार वेळा लिहिलेलं असतं म्हणून.

नमुना म्हणून अशी एक वेबसाइट डोळ्यांसमोर आणू. ती रचलेली आहे, पण तिच्यातली प्रत्येक अडचण मराठी वेबसाइटवर नेहमी दिसणारी आहे. या वेबसाइटवर २०१७ साली `/ukadiche-modak/` या पत्त्यावर मोदकांची मूळ पाककृती आली. २०२० मध्ये कुणीतरी सुचवलं, की लोक रोमन लिपीत टाईप करून शोधतात, त्यांच्यासाठी वेगळा लेख हवा. म्हणून `/modak-recipe-in-marathi/` तयार झालं. २०२३ च्या गणपतीत सणाचा ताजा लेख हवा म्हणून `/ganesh-chaturthi-2023-modak/` लिहिला गेला. मग मोदक वाफवताना फुटतात त्यावरच्या उपायांचा `/modak-ka-phuttat/` आला, आणि त्यातही सुरुवातीला सगळी पाककृती पुन्हा दिली गेली. शिवाय तळणीचे मोदक आणि माव्याचे मोदक यांचे एकेक लेख आहेतच. असे मोदकांवरचे सहा लेख. "उकडीचे मोदक" असं शोधलं तर पहिल्या दहा निकालांत यातला एकही नाही.

या प्रकाराला कीवर्ड कॅनिबलायझेशन म्हणतात. एकाच शोधासाठी एकाच वेबसाइटची दोन किंवा अधिक पानं उभी राहतात आणि एकमेकांची जागा खातात. गूगल यासाठी कुठलीही शिक्षा देत नाही. "तुमच्या वेबसाइटला दंड बसलाय" असं सांगून घाबरवणारे सल्लागार भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावं. जे घडतं ते साधं आहे आणि ते नीट कळलं की उपायही आपोआप कळत जातो.

गूगल निकाल लावतं तो मुख्यतः पानाचा. मोदकांबद्दल विचारलं की त्याच्याकडे साठवलेल्या लाखो पानांतून या प्रश्नाला सर्वांत योग्य पान कुठलं, ते ठरवलं जातं. ते ठरवताना बघितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या त्या पानाच्या खात्यावर जमा असतात. बाहेरच्या किती आणि कुठल्या वेबसाइटनी त्या पानाची लिंक दिली, आपल्याच इतर लेखांतून त्याच्याकडे किती लिंक जातात आणि त्या लिंकवर कुठले शब्द आहेत, पानावर प्रश्नाचं उत्तर किती पुरेसं आहे, हे सगळं पानागणिक मोजलं जातं. आपल्या नमुन्यात एका अन्नविषयक लेखिकेनं २०१७ च्या लेखाची लिंक दिली, एका वर्तमानपत्रानं २०२३ च्या लेखाची दिली, आणि स्वतःच्याच पुरणपोळीच्या लेखातून लिंक गेली ती २०२० च्या लेखाकडे. एकाच घरातले तीन भाऊ एकाच वॉर्डात उभे राहिले की जे होतं तेच इथे झालं. मतं घरालाच पडली, पण निवडून कुणीच आलं नाही.

दुसरा तोटा वाचकाचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१७ च्या लेखात लिहिलंय, एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी. २०२० च्या लेखात लिहिलंय, एक वाटी पिठाला सव्वा वाटी पाणी. सणाच्या सकाळी कुणाला पहिला लेख मिळतो, कुणाला दुसरा. दोन्ही प्रमाणं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण जुन्या तांदळाचं पीठ पाणी जास्त ओढतं आणि नव्याचं कमी. पण हे वाक्य दोन्हींपैकी एकाही लेखात नाही. लेख विभागले की माहितीही अशी तुटून पडते आणि प्रत्येक पान अपुरं राहतं. पान अपुरं आहे हे गूगलच्याही लक्षात येतं.

आता हा आजार आपल्या वेबसाइटला आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बरेच जण इथेच चुकतात. दोन लेखांच्या शीर्षकात "मोदक" हा शब्द दिसला, की ते टक्कर झाली असं मानून मोकळे होतात. तळणीचे मोदक शोधणाऱ्याला उकडीचे नको असतात, त्यामुळे त्या दोन लेखांत शब्द सारखा असूनही भांडण नाही. उलट "मोदकाची उकड कशी काढावी" आणि "उकडीचे मोदक कृती" यांत शब्द वेगळे असले तरी विचारणाऱ्याला हवं असतं ते एकच. टक्कर शब्दांची नसते, गरजेची असते.

गरज एकच आहे का, हे अंदाजानं ठरवायची आवश्यकता नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा परिणाम शक्य तितका बाजूला ठेवून, दोन्ही शोध एकामागून एक करायचे आणि पहिले दहा निकाल शेजारी शेजारी मांडायचे. दहापैकी सात-आठ पानं दोन्हीकडे तीच असतील, तर गूगलच्या लेखी हे दोन्ही प्रश्न एकच आहेत आणि त्यांना एकच पान पुरेल. दोन-तीनच सारखी असतील, तर दोन वेगळी पानं ठेवायला जागा आहे. मधल्या आकड्यांवर स्वतःची विवेकबुद्धी वापरावी लागते. अशा वेळी मी निकालांची शीर्षकं वाचतो. ती एकाच वाचकासाठी लिहिल्यासारखी वाटतात का, ते पाहतो.

देवनागरी आणि रोमनचा प्रश्नही याच चाचणीनं सुटतो. "उकडीचे मोदक" आणि `ukadiche modak` असे दोन्ही शोध करून पाहावेत. रोमनमध्ये टाईप केलेल्या मराठी शोधाला देवनागरीतलं पान दाखवणं गूगलला बऱ्याचदा जमतं, पण दरवेळी जमेलच असं नाही. म्हणून दोन लेख लिहिण्यापेक्षा एकाच लेखाच्या शीर्षकात आणि पत्त्यात रोमन नाव एकदा यावं, हा मार्ग मला योग्य वाटतो. मात्र अमेरिकेत वाढलेल्या आणि मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी इंग्रजीतून पूर्ण लेख लिहिला, तर ती गोष्ट निराळी. तो वाचक वेगळा आणि त्याचं पानही वेगळंच हवं.

यानंतर सर्च कन्सोल उघडायचा. वेबसाइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं, की गूगलची ही सेवा फुकट मिळते, आणि कुठल्या शोधाला आपलं कुठलं पान किती वेळा दिसलं ते ती सांगते. `Performance` मध्ये जाऊन शोधावर गाळणी लावायची. तिथे `Custom (regex)` हा पर्याय निवडला, की दोन्ही लिप्यांतले शोध एकदम पकडता येतात:

```
मोदक|modak
```

मग `Queries` च्या यादीतून एकच शोध निवडायचा, समजा "उकडीचे मोदक", आणि `Pages` वर यायचं. या एका शोधासाठी आपली कोणकोणती पानं दिसली, किती वेळा दिसली, किती वेळा कुणी त्यांवर क्लिक केलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होती, ते समोर येतं. समजायला सोपं जावं म्हणून काही आकडे धरू. २०१७ चा लेख ३,००० वेळा दिसला, सरासरी क्रमांक १२. २०२० चा २,६०० वेळा दिसला, क्रमांक १४. २०२३ चा ९०० वेळा, क्रमांक १९. तिघांना मिळून क्लिक मात्र जेमतेम साठ.

एका शोधाला तीन पानं दिसली म्हणजे निदान झालं, असं अजूनही म्हणता येत नाही. ही पानं एकाच वेळी एकाखाली एक दिसली, की एकमेकांना हटवून आळीपाळीनं दिसली, हे बघायला हवं. त्यासाठी शोधाची गाळणी तशीच ठेवून पानांच्या गाळणीत `Compare` निवडायचं आणि दोन पत्ते टाकायचे. आलेखावर दोन रेषा येतात. एक रेषा ज्या दिवशी वर जाते त्याच दिवशी दुसरी खाली येत असेल, पुढच्या आठवड्यात उलटं होत असेल, आणि दोघींपैकी कुणीच फार वर टिकत नसेल, तर गूगलला दोघांतून एक निवडता येत नाहीये. कॅनिबलायझेशनची खरी खूण ती. दोन्ही रेषा बरोबरीनं चालत असतील, तर दोन्ही पानं एकाच निकालात दिसत आहेत. ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असतील, तर ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही, वाचकांसमोर तुमच्या दोन जागा आहेत. २०१९ च्या जूनमध्ये गूगलनं जाहीर केलं, की वरच्या निकालांत एकाच वेबसाइटची सहसा दोनहून जास्त पानं दाखवली जाणार नाहीत. याचाच अर्थ दोन दिसणं नेहमीचं आहे.

आणखी एक खात्री करून घ्यावी लागते. `Countries` मध्ये डोकावून बघावं. कधी कधी एक पान भारतात दिसत असतं आणि दुसरं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये. एकत्रित आकड्यांत ती भांडताना दिसतात, प्रत्यक्षात दोघांनी आपापले वाचक वाटून घेतलेले असतात. अशा पानांना हात लावला तर चांगलं चाललेलं बिघडतं.

निदान पक्कं झालं, की कुठलं पान ठेवायचं हा प्रश्न येतो. नवीन लेख जास्त चांगला लिहिलाय म्हणून तोच ठेवावा, असा मोह होतो. तो टाळावा. लेखातला मजकूर हवा तेव्हा बदलता येतो. पण बाहेरच्या लोकांनी ज्या पत्त्याला लिंक दिल्या आहेत त्या त्यांच्याकडे जाऊन बदलून घेता येत नाहीत. म्हणून आधी सर्च कन्सोलच्या `Links` विभागात कुठल्या पत्त्याकडे बाहेरून जास्त लिंक येतात ते बघायचं. मग या शोधावर सर्वांत जास्त क्लिक कुणाला मिळतात ते बघायचं. तिसरी कसोटी पत्त्याची. `/ganesh-chaturthi-2023-modak/` या पत्त्यात सालच अडकलेलं आहे. तो पुढच्या वर्षीच शिळा दिसतो. आपल्या नमुन्यात तिन्ही कसोट्यांवर `/ukadiche-modak/` जिंकतं. फोटो जुने आहेत, मजकूर तोकडा आहे, तरी तेच पान राहील आणि बाकीच्यांतलं चांगलं सगळं त्यात येईल.

एकत्र करायचं म्हणजे तीन लेख एकाखाली एक चिकटवायचे नाहीत. लेखकाचं खरं काम इथे आहे आणि घाईनं ते केलं की फुकट जातं. आधी २०२० आणि २०२३ च्या प्रत्येक लेखासाठी पानाची गाळणी लावून, तो लेख कोणकोणत्या शोधांना दिसत होता त्याची यादी उतरवून घ्यायची. त्या यादीत अशा गोष्टी सापडतात ज्या मूळ लेखात नाहीतच. २०२० चा लेख "मोदकाच्या पिठाला पाणी किती" या शोधाला दिसत होता, २०२३ चा "हळदीच्या पानावर मोदक" याला. म्हणजे मोठ्या लेखात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं यायला हवीत. पाण्याचा परिच्छेद आता असा लिहिला जाईल: वाटीभर पिठाला वाटीभर पाण्यानं सुरुवात करा, तांदूळ जुना असेल आणि उकड कोरडी वाटली तर पाव वाटी गरम पाण्याचा हात लावत मळा. दोन लेखांतला विरोध तर मिटलाच, शिवाय दोन्हीत नसलेलं कारणही वाचकाला मिळालं. सारणाची कृती तिन्ही लेखांत जवळपास तीच आहे, ती एकदाच ठेवायची. सगळ्यांत चांगले फोटो निवडायचे. २०२३ च्या लेखातला पूजेच्या मुहूर्ताचा मजकूर त्या वर्षापुरता होता, तो सोडून द्यायचा. शीर्षक असं काहीसं होईल:

```
उकडीचे मोदक | Ukadiche Modak Recipe in Marathi
```

मजकूर हलवून झाला, की जुने पत्ते कायमचे वळवायचे. याला ३०१ वळवणी म्हणतात. हे पान कायमचं तिकडे गेलं आहे, असा निरोप सर्व्हर त्यातून देतो. वाचक तर नव्या जागी पोहोचतोच, पण जुन्या पत्त्याला मिळालेल्या लिंकांचं वजनही गूगल नव्या पत्त्याच्या खात्यावर घेतं. सर्व्हर अपाची असेल, तर `.htaccess` या फाइलमध्ये दोन ओळी पुरतात:

```
Redirect 301 /modak-recipe-in-marathi/ /ukadiche-modak/
Redirect 301 /ganesh-chaturthi-2023-modak/ /ukadiche-modak/
```

वर्डप्रेस वापरणाऱ्यांना हेच काम एखाद्या प्लगइनच्या खिडकीतून करता येतं. ३०२ निवडला जात नाही ना, एवढं पाहावं. तो तात्पुरत्या बदलासाठी असतो, आणि त्यामुळे गूगल जुना पत्ताच मुख्य धरून ठेवू शकतं.

वळवणीत तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे जुने सगळे पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणं. मोदकांच्या लेखावर आलेला वाचक मुखपृष्ठावर आदळला, तर त्याला काहीच मिळत नाही. गूगलही अशा वळवणीला "पान सापडलं नाही" असंच धरू शकतं आणि मग लिंकांचं वजनही जातं. दुसरी चूक साखळीची. २०२३ चा पत्ता २०२० कडे आणि २०२० चा २०१७ कडे असं टप्प्याटप्प्यानं जाऊ नये, प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या मुक्कामाला जावा. तिसरी चूक काही महिन्यांनी "आता काम झालं" म्हणून वळवणी काढून टाकण्याची. ती किमान वर्षभर ठेवावी असं गूगलच सांगतं. मी तर म्हणेन ती काढूच नये. एखाद्या जुन्या पाककृतीच्या वहीत किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो पत्ता पाच वर्षांनीही कुणीतरी उघडत असतं.

वळवणी झाली तरी घरातल्या लिंका राहतातच. पुरणपोळीचा लेख, नैवेद्याच्या ताटाचा लेख, मेनू, साइटमॅप, या सगळ्या ठिकाणी जुने पत्ते शोधून तिथे थेट नवा पत्ता घालायचा. लिंकवरचे शब्दही बघायचे. आपणच एका लेखात "उकडीचे मोदक" या शब्दांवर तळणीच्या मोदकांची लिंक दिली असेल, तर गूगलचा गोंधळ आपणच वाढवलेला असतो.

आता उरला `/modak-ka-phuttat/`. पहिल्या दहा निकालांची चाचणी केली तर "मोदक का फुटतात" याला वेगळी पानं येतात, असं आपल्या नमुन्यात धरू. म्हणजे हा प्रश्न स्वतंत्र आहे. मोदक वळून वाफवायला ठेवलेली व्यक्ती हा प्रश्न विचारते, तिला पाककृती नको, लगेच उत्तर हवं. मग हा लेख ठेवायचा, पण त्याच्या सुरुवातीची पूर्ण पाककृती काढून टाकायची आणि एका ओळीत मूळ लेखाकडे लिंक द्यायची. उकड कमी मळली गेली, पारी कडेला जाड आणि मधे पातळ झाली, सारण ओलं राहिलं, वाफवण्याआधी मोदक उघडे राहून सुकले, ही कारणं आणि प्रत्येकावरचा उपाय, एवढंच त्या पानावर असावं. असं वेगळं करणं विलीन करण्याइतकंच उपयोगाचं असतं. तळणीचे आणि माव्याचे मोदक जसे आहेत तसे राहतील.

कधी कधी दोन सारखी पानं दोन्ही ठेवणं भाग असतं. समजा छापून घेण्यासाठी पाककृतीचं वेगळं, बिनजाहिरातीचं पान आहे. ते वाचकाला हवं आहे, म्हणून वळवता येत नाही, पण निकालात मात्र मूळ पानच दिसावं. त्यासाठी छापील पानाच्या वरच्या भागात एक ओळ घालतात:

```
<link rel="canonical" href="https://example.com/ukadiche-modak/">
```

गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ च्या फेब्रुवारीत मिळून ही सोय आणली. मुख्य पान कुठलं ते तिनं सांगता येतं. पण ती आज्ञा नाही, सूचना आहे. दोन पानांचा मजकूर जवळपास सारखा असेल तर गूगल ती सहसा मानतं, मजकूर वेगळा असेल तर दुर्लक्ष करतं. म्हणून वेगवेगळ्या लिहिलेल्या दोन लेखांची टक्कर या ओळीनं मिटवायचा प्रयत्न फुकट जातो. तिथे मजकूरच एकत्र करावा लागतो.

वर्डप्रेसवर आणखी एक छुपा उमेदवार असतो, टॅगचं पान. "मोदक" असा टॅग दिला की त्या टॅगच्या लेखांची यादी असलेलं एक पान आपोआप तयार होतं, आणि कधी कधी निकालात पाककृतीऐवजी तेच दिसतं. वाचकाला त्या यादीचा उपयोग होत नसेल, तर त्या पानावर `noindex` लावावं, म्हणजे गूगल ते निकालातून काढतं. मात्र त्याच वेळी `robots.txt` मध्ये ते पान अडवू नये. अडवलं तर गूगल पान उघडूच शकत नाही आणि `noindex` लिहिलंय हे त्याला कळतच नाही.

हे सगळं कधी करायचं? सणाच्या आधल्या आठवड्यात अजिबात नको. गूगलनं जुने पत्ते पुन्हा भेटून वळवणी समजून घ्यायला काही आठवडे जातात आणि त्या काळात क्रमांक वरखाली होतात. गणपतीची पाककृती असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास हात घालावा. काम झाल्यावर सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत नवा पत्ता टाकून पुन्हा तपासणीची विनंती करता येते, जुन्या पत्त्यांचीही करावी.

परिणाम मोजताना सणाची तारीख सरकते, हे लक्षात ठेवायला हवं. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ऑगस्टची तुलना ऑगस्टशी केली, तर २०२५ चा आकडा फुगलेलाच दिसेल आणि सगळं श्रेय आपल्या दुरुस्तीला दिलं जाईल. तुलना चतुर्थीपासून मागे मोजून करावी, म्हणजे १० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२४ या २८ दिवसांची ३० जुलै ते २६ ऑगस्ट २०२५ या २८ दिवसांशी. सर्च कन्सोल फक्त १६ महिने मागचे आकडे दाखवतो, म्हणून दरवर्षी विसर्जनानंतर ते उतरवून ठेवावेत. आणि एका पानाचे आकडे बघू नयेत. आधीच्या तिन्ही पानांच्या क्लिकची बेरीज एका बाजूला आणि नव्या एकाच पानाचे क्लिक दुसऱ्या बाजूला ठेवावेत. मूळ पानाचे क्लिक वाढणारच, कारण बाकीची दोन उरलेलीच नाहीत. खरी वाढ झाली की नाही, ते बेरजेशी तुलना केल्यावरच कळतं.

बेरीज वाढली नाही, तर दोन शक्यता तपासाव्यात. एखाद्या विलीन केलेल्या लेखाला येणारा एक विशिष्ट शोध आता कुठल्याच पानाला येत नाही, असं आधी उतरवलेल्या यादीवरून दिसेल. "हळदीच्या पानावर मोदक" हा शोध गायब झाला असेल, तर तो मजकूर मोठ्या लेखात एका ओळीत गुदमरला आहे, त्याला स्वतःचं उपशीर्षक आणि फोटो द्यावा. आणि सगळे शोध जागच्या जागी असूनही क्रमांक बारावरून हललाच नसेल, तर अडचण मुळात टकरीची नव्हती. पहिल्या पानावरच्या पाककृती उघडून शांतपणे वाचाव्यात. त्यांत कळ्या पाडतानाचे टप्प्याटप्प्याचे फोटो असतील आणि आपल्याकडे फक्त वाफाळत्या मोदकांचं ताट असेल, तर पुढचं काम स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन करायचं आहे.